ही गादी कोणी घेऊ नये

गाद्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. खाली फोम कापायचं यंत्र दिवसभर घरघरायचं आणि वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, ताई फोनवर बसायची. कारखाना स्वस्त गाद्या करायचा. दुकान नाही, दलाल नाही. लोक मोबाइलवर बघत, मागवत, आणि गादी गुंडाळून, हवा काढून, खोक्यातून घरी जाई. विकायच्या आधी आणि विकल्यावर लोकांचे जे काही प्रश्न असतील ते ताईच्या कानावर पडत. तिचा आवाज मऊ होता. चिडून फोन केलेला माणूसही दोन मिनिटांत तिच्याशी आपल्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलू लागे.

मालकांना सगळे काका म्हणत. काकांची सगळी हयात फोममध्ये गेलेली. तुकडा हातात घेऊन अंगठ्याने दाबला की तो किती घनतेचा ते सांगायचे. बोलणं मात्र कमी.

एके दिवशी काका काचेच्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले. "ताई, लोक सारखं विचारतात ना, त्या मोठ्या कंपन्यांच्या महाग गादीत आणि आपल्या गादीत फरक काय? त्याचं एक पान करून लावू आपल्या साइटवर. जाहिरातवाल्यांना सांगितलं तर उगाच फुलं उधळतील. तुम्हीच लिहा. तुम्हाला लोकांचं मन कळतं."

ताईने टेबलावरचा फोन उगाच सरळ केला. पण ती हसून म्हणाली, "लिहिते की."

तिला कचरायला कारण होतं. ताईच्या घरी पलंगावर आपल्या कारखान्याची गादी नव्हतीच. तिथे त्या मोठ्या कंपन्यांपैकीच एकीची गादी होती, स्प्रिंगची, जाडजूड, उचलायला दोन माणसं लागतील अशी.

तसं ती काही हौसेने घेतलेली नव्हती. ताईचा नवरा शाळेची बस चालवायचा. अंगाने भरभक्कम माणूस, आणि दिवसभर सीटवर बसून कंबर धरलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ताईने मोठ्या अभिमानाने आपल्या कारखान्याची गादी घरी आणली. पहिले काही महिने झकास गेले. मग नवऱ्याच्या बाजूने ती बसू लागली. तो रात्री कूस बदलायला गेला की घळीतून वर चढल्यासारखं व्हायचं. ताईने एकदा तो कामावर गेल्यावर गादीवर आडवी दोरी ताणून धरली आणि पट्टीने खड्डा मोजला. इंचाला थोडा कमी भरला. इंचापेक्षा कमी खड्डा वॉरंटीत बसत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती स्वतः रोज फोनवर लोकांना तेच सांगायची: "एवढं दबणं नैसर्गिक असतं." तेच उत्तर स्वतःला ऐकवून घ्यायला काकांच्या दारात कशी उभी राहणार? शेवटी नवऱ्याने जुळवाजुळव करून महागडी गादी आणली आणि ताईने ती आणल्या दिवसापासून लांबरुंद चादरीखाली झाकून टाकली. कारखान्यात एका शब्दाने बोलली नाही. फोनवर कोणी विचारलंच, "बाई, तुम्ही स्वतः कुठली वापरता?", तर ती क्षणाचाही वेळ न लावता म्हणे, "आमचीच." सवयीने ते इतकं गुळगुळीत झालं होतं की खोटं बोलल्यासारखं वाटतही नव्हतं.

पान लिहायला बसली तेव्हा मात्र तिचा हात जरा जास्तच जोरात चालला. मनात अपराधी वाटणारा माणूस आवाज चढवतो ना, तसं झालं. तिने मथळा दिला, "झोप तीच, किंमत अर्धी." खाली तक्ता केला. आपल्या रकान्यात सगळीकडे हिरव्या खुणा, दोन मोठ्या कंपन्यांच्या रकान्यांत लाल फुल्या. आपली नवी सहा इंची गादी घेतली, आणि शेजारी त्या कंपन्यांची सगळ्यात पातळ, सगळ्यात खालची गादी ठेवली. फोमची घनता त्यांनी स्वतःच्या साइटवर स्पष्ट दिलेली होती, आपल्यापेक्षा सरस होती. तिथे ताईने आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं. शेवटी एक वाक्य लिहिलं, "संगमरवरी शोरूमचं भाडं तुमच्या पाठीवर कशाला?" ते लिहून झाल्यावर ती स्वतःशीच हसली होती, हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

काकांनी पान वाचलं. शोरूमच्या वाक्यावर तेही हसले. मग म्हणाले, "फक्त फोटो पाहिजे. मॉडेल नको, स्टुडिओ नको. जिने लिहिलं तिच्याच घरचा बिछाना दाखवू. येत्या रविवारी फोटोवाल्या पोरीला घेऊन येतो. चालेल ना?"

तिथेच नाही म्हणायचं होतं. घरात रंगकाम आहे, सासूबाई आजारी आहेत, काहीही चाललं असतं. पण ताईच्या तोंडून निघालं, "या ना, काका. चहालाच या."

शनिवारी संध्याकाळी ती रिक्षातून एक खोकं घेऊन घरी आली. आपल्याच कारखान्याची गादी, गुंडाळलेली. नवरा नुकताच बस लावून आला होता, पायातले बूटही काढले नव्हते.

"हे काय?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या फोटो काढून झाला की परत नेते."

"आणि माझी कुठे ठेवणार? डोक्यावर?"

"आईंच्या खोलीत उभी करू. कपाटाला टेकवून."

नवरा भिंतीला टेकून बूट काढू लागला. तो भांडणारा माणूस नव्हता. "अगं, सांगून टाक ना त्यांना. गादीच आहे, काही चोरीचा माल नाही."

"तुम्हाला नाही कळायचं," ताई म्हणाली. त्याला चांगलंच कळत होतं, हे तिलाही कळत होतं.

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. अंगाने काडी, पण जिभेला धार. "म्हणजे उद्या मी गादीला पहारा द्यायचा? बरं झालं बाई, म्हातारपणी नोकरी लागली."

दोघांनी ती जड गादी ओढत, थांबत, भिंतीला घासत सासूबाईंच्या खोलीत नेली आणि कपाटाला टेकवून, चादरीने झाकून उभी केली. ताईने नव्या गादीचं प्लॅस्टिक कापलं. हवा शिरताना ती सुस्कारे टाकत फुगत गेली. खोलीभर नव्या फोमचा वास पसरला. ताईने खिडक्या उघडल्या, पंखा जोरात लावला, उदबत्ती लावली. सकाळी कोपरे अजून नीट भरून आले नव्हते. तिने तिथे उशा मांडल्या आणि वर धुवट चादर घातली, घडी मोडलेली, रोजच्या वापरातली दिसेल अशी.

काका आले ते फळांची पिशवी घेऊन. सोबत फोटोवाली मुलगी, गळ्यात कॅमेरा, चटपटीत. काका खोलीत शिरले, पलंगापाशी थांबले, तळहात गादीवर ठेवला.

"नवी दिसतेय, ताई."

"चादर नवी आहे," ताई म्हणाली. चादर तर धुऊन धुऊन विटलेली होती. काकांनी हात काढून घेतला.

फोटो सुरू झाले. ताई पलंगावर पुस्तक घेऊन बसली, मग उशीला टेकली. फोटोवालीला ते काही पटेना. "तुम्ही फार ताठ बसताय, ताई. घरी कोणी मोठं माणूस आहे का? आजीबाई? त्यांचा चेहरा छान येईल."

आतल्या खोलीत सासूबाई गादीला पाठ लावून पहाऱ्यावर बसल्या होत्या. फोटोचं नाव ऐकलं आणि त्या उठल्या. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि बाहेर आल्या. "कुठे बसू?"

त्यांनी पाठ काढून घेतल्याबरोबर उभी गादी हळूहळू वाकू लागली. नवरा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होता. उघड्या दारातून त्याला ते दिसलं. धडाम आवाज होणार, सगळे धावत येणार आणि बायकोचं पितळ उघडं पडणार, एवढंच त्याच्या मनात आलं. ट्रे जमिनीवर टेकवून तो झेपावला आणि कोसळणारी गादी त्याने दोन्ही हातांवर तोलून धरली. क्षणभर धरलीही. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की ताईच्या हातातलं पुस्तक गळून पडलं.

सगळे आत धावले. तो गुडघ्यांवर होता, चेहरा पांढरा, आणि त्याच्या पाठीवर ती गादी रेललेली. चादर सरकलेली. कोपऱ्यावरचं भरतकाम केलेलं नाव, त्या मोठ्या कंपनीचं, ठसठशीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

काकांनी आणि फोटोवालीने मिळून गादी बाजूला केली. नवऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून, पाऊल पाऊल चालवत पलंगाकडे आणलं आणि त्या नव्या, फुगीर गादीवर बसवलं. तो बसता क्षणी कळवळला. कंबर खाली गेली, पाठ वाकली.

"इथे नको," तो म्हणाला. घाम सुटला होता, भान नव्हतं. "इथे नको गं. माझी गादी दे. माझी."

ताईला वाटलं, आत्ता इथल्या इथे जमीन दुभंगावी. पण जमीन काही दुभंगली नाही. काकांनी बाही वर केली आणि फोटोवालीला म्हणाले, "धर गं ते टोक." आपल्या कारखान्याची गादी त्यांनी स्वतः पलंगावरून ओढून काढली आणि दुसऱ्याची, जड, घाम काढणारी, स्वतः उचलून घातली. नीट, कोपरे जुळवून. मग नवऱ्याला त्यावर आडवं केलं. त्याने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. तो सुटकेचा श्वास ताईला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. स्नायू धरला होता, मणका सरकला नव्हता. पण सक्तीची विश्रांती, बस बंद. फोटोवाली केव्हाच निघून गेली होती. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. समोर गार झालेला चहा.

"वास मला आल्या आल्याच आला होता," काका म्हणाले. "नव्या फोमचा. उदबत्तीने जात नाही तो."

ताई ओट्याला टेकून उभी होती. मान वर होत नव्हती.

"कधीपासून?"

तिने सगळं सांगितलं. घळ, दोरी, पट्टी, इंचाला कमी भरलेला खड्डा. सांगताना आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मला का नाही बोललात?"

"तुम्ही काय म्हणाला असतात, काका? तेच, जे मी रोज लोकांना म्हणते."

काकांनी गार चहाचा कप बाजूला सरकवला. "म्हणालो असतो खरा," ते म्हणाले. मग उठले. दाराशी वळून विचारलं, "लोक फोनवर विचारतात ना, तुम्ही कुठली वापरता म्हणून. काय सांगता?"

ताई ओटा पुसू लागली. काकांनी चपला घातल्या. "ते पान लावू नका," एवढंच म्हणून ते जिना उतरले.

पुढचे काही दिवस तिला कारखान्यात जायला नको वाटे. कोणी काही बोललं नव्हतं; काकांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. तरी खाली फोम कापणारी माणसं हसली की आपल्यालाच हसली असं वाटे. फोन वाजला की ती तो दोनदा वाजू देई. आणि तो प्रश्न आलाच. एक आजोबा, घोगऱ्या आवाजाचे: "तुमच्या स्वतःच्या घरी कुठली आहे हो?" ताईच्या ओठावर "आमचीच" आलं, पण तिने ते गिळलं. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं वजन किती?" आजोबा चक्रावले. मग दोघं बराच वेळ बोलले, आणि फोन ठेवल्यावर ताई उठून काकांच्या टेबलापाशी गेली.

"मला ते पान पुन्हा लिहू द्या. पटलं नाही तर फाडून टाका, आणि मलाही काढून टाका."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "लिहा."

या वेळी तिने आधी मथळा लिहिला नाही. आधी त्या कंपन्यांच्या साइटवर त्यांनी स्वतःच्या गाद्यांबद्दल जे जाहीर केलं होतं ते उतरवलं, कोणत्या दिवशी पाहिलं तेही लिहिलं. सहा इंचीसमोर सहा इंची, आठ इंचीसमोर आठ इंची. जिथे त्यांचा आकडा सरस होता तिथे सरसच. जे कोणी जाहीर केलं नव्हतं तिथे "माहिती जाहीर नाही", मग ते त्यांचं असो की आपलं. खुणा आणि फुल्या काढल्या, त्याऐवजी शब्द. "स्प्रिंगमुळे जड शरीराला खालून आधार जास्त मिळतो. आमच्या गादीत स्प्रिंग नाही." "त्यांच्या कडा भक्कम आहेत. काठावर बसून चपला घालणाऱ्याला फरक जाणवेल." आणि आपल्याबद्दल: "वजनाला हलकी, एकट्याने उलटता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, पाहुण्यांच्या खोलीला, कमी वजनाच्या माणसाला पुरेशी. आवडली नाही तर परत द्या, घरून घेऊन जाऊ." किंमत कमी का आहे तेही साधं सांगितलं: थर कमी, फोम हलका, दुकान नाही. शोरूमच्या भाड्याचं वाक्य तिने खोडलं नाही. ती जुनी फाइल तिने उघडलीच नाही.

मग तिने तो मजकूर त्या दोन्ही कंपन्यांना पाठवला. "तुमच्याबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर कळवा, लावण्याआधी दुरुस्त करू." एकीकडून काहीच आलं नाही. दुसरीकडून दोन ओळींचं उत्तर आलं: वॉरंटीची मुदत आम्ही अलीकडेच वाढवली आहे. कौतुक नाही, राग नाही. ताईने आकडा बदलला. आपण त्यांच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं होतं आणि ही माणसं सरळ उत्तर देतायत, या विचाराने तिचे कान गरम झाले.

काकांनी मजकूर वाचताना दोन ठिकाणी बोट ठेवलं. पहिलं, "ही गादी कोणी घेऊ नये" या उपमथळ्यावर.

"स्वतःच्या दारात उभं राहून शेजारच्या दुकानाचा पत्ता सांगायचा?"

"सगळ्यांना नाही, काका. ज्याचं वजन खूप आहे, ज्याची कंबर आधीच दुखते, त्याला. तो आपल्याकडून घेतो, शिव्या देतो आणि परत पाठवतो. किंवा पाठवत नाही, सोसतो. ते जास्त वाईट."

दुसरं बोट वॉरंटीच्या ओळीवर. "इंचापेक्षा कमी खड्डा पडला तर आम्ही गादी बदलून देत नाही. जड माणसाच्या बाजूला असा खड्डा पडू शकतो."

"हे सगळेच बारीक अक्षरात लिहितात."

"आपण मोठ्या अक्षरात लिहू."

काका खुर्चीत मागे रेलले. खालचं यंत्र बंद झालं होतं, जेवणाची सुट्टी झाली असावी. "तुमच्या घरचं यात काही आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. विचारल्याशिवाय कसं लिहू? एकदा न विचारता पुष्कळ केलंय."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं. तो पलंगावर उताणा पडून छताकडे बघत होता. तिने पानावर टाकायची ओळ वाचून दाखवली: "हे लिहिणाऱ्या बाईंच्या घरी यजमान दुसऱ्या कंपनीच्या गादीवर झोपतात, कारण त्यांचं शरीर जाड आहे आणि कंबर दुखते."

"जाड काढ," नवरा म्हणाला. "भारदस्त लिही."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने ते वळून पुसले. माफी मागायची म्हणून ती किती तरी वेळा त्याच्या उशाशी बसली होती, आणि दरवेळी औषधाचं विचारून उठली होती. आत्ताही तसंच झालं. "गोळी घेतलीत का?" ती म्हणाली.

"घेतली," तो म्हणाला. मग छताकडे बघतच, "मला पाठीचं काही नाही गं. तुला तिथे तोंड लपवून बसावं लागायचं, त्याचंच वाईट वाटायचं."

पान लागलं. गाजावाजा काही झाला नाही. पहिल्या महिन्यात मागणी जरा उतरली; काका एक-दोनदा काचेच्या खोलीबाहेर उभे राहून तसेच परत गेले. मग परत येणाऱ्या गाद्याही कमी झाल्या आणि गोदामात उलगडलेल्या, पुन्हा विकता न येणाऱ्या गाद्यांची चळत वाढायची थांबली. काका ताईशी पहिल्यासारखे बोलू लागले, जवळजवळ पहिल्यासारखे. पण तिच्या घरी चहाला येतो असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि तिनेही बोलावलं नाही. फोनवर आता ती खरं सांगे. तरी आधी ज्यांना "आमचीच" म्हटलं होतं ती माणसं कुठे कुठे, कुठल्या घळीत झोपत असतील, हे तिला मधूनच आठवे आणि हातातलं काम थांबे. त्यांना शोधून काढायला काही वाट नव्हती.

नवऱ्याची बस सुरू झाली तरी डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. म्हणून रोज सकाळी तो खुर्चीत बसे आणि ताई त्याच्यापुढे खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधी. पहिल्या दिवशी तो फार संकोचला, पाय मागे घेऊ लागला. तिने घोटा धरून ठेवला.

"घट्ट झाली का?"

"थोडी."

तिने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.